बारीक पिनचा चार्जर: आला कुठून, आणि हरवला तर काय लावायचं

आमच्या आत्याकडे नोकिया १०५ आहे, २०१३ सालचा, तो पहिला कलर स्क्रीनवाला. अजून मस्त चालतो, टॉर्च लागते, एकदा चार्ज केला की आठवडाभर बघावं लागत नाही. चार्जर मात्र मागच्या महिन्यात लग्नाच्या गडबडीत कुठेतरी राहिला. मग आत्याने बाजारातून नव्वद रुपयांचा "बारीक पिन" आणला, पहिल्या दिवशी चार्ज झाला, दुसऱ्या दिवशी फोनवर "चार्ज होत नाही" आलं आणि चार्जर हातात धरला तर चांगलाच गरम. तो बघायला म्हणून बसलो आणि सगळा जुना इतिहास आठवला, कारण या पिनमध्ये काय चालतं आणि काय नाही हे तो इतिहास माहीत असेल तरच नीट कळतं.

आधी जाड पिन होती. नोकियाच्या ३३१०, ११०० वगैरे फोनना साडेतीन मिलिमीटरची गोल पिन लागायची. तिचा सुरुवातीचा चार्जर म्हणजे हातात घेतला की वजन कळेल असा ठोकळा, आत सरळ तांब्याच्या तारेचा ट्रान्सफॉर्मर. एसीपी-७ नावाचा जो खूप घरांत होता त्यावर ३.७ व्होल्ट ३५५ मिलिअँपिअर असं छापलेलं असायचं, आणि त्यानंतर आलेल्या एसीपी-१२ वर ५.७ व्होल्ट ८०० मिलिअँपिअर. म्हणजे पिन एकच, फोनही त्याच घराण्यातले, पण चार्जरचे आकडे वेगळे. ३.७ वाचून कोणालाही वाटेल की ४.२ व्होल्टपर्यंत भरायची बॅटरी याने कशी भरणार. पण तो आकडा लोड असतानाचा होता, ट्रान्सफॉर्मरवाल्या चार्जरला काहीच जोडलं नसेल तर त्याचं व्होल्टेज बरंच वर जातं आणि फोन करंट ओढायला लागला की खाली बसतं. करंट किती जायचा हे बऱ्याच अंशी चार्जरच ठरवायचा, फोन फक्त मधलं दार उघडझाक करायचा. त्यामुळे त्या काळात "त्याच कंपनीचा चार्जर वापरा" हे पुस्तिकेतलं वाक्य नुसतं विक्रीसाठी नव्हतं, फोन आणि चार्जर ही खरंच जोडी होती.

२००५ च्या सुमाराला फोन बारीक व्हायला लागले आणि ६१०१ सारख्या मॉडेलपासून पिन दोन मिलिमीटरची झाली. हीच आपली बारीक पिन. लोकांच्या घरात जाड पिनचे चार्जर पडलेले होते म्हणून कंपनीने सीए-४४ नावाचा बोटभर जोड काढला, एका बाजूला जाड पिन घालायची, दुसऱ्या बाजूने बारीक निघायची. खूप फोनच्या डब्यात तो फुकट यायचा आणि आठवड्यात हरवायचा.

पिन बारीक झाली हे सगळ्यांना दिसलं, पण त्याच वेळी दुसरा बदल झाला तो जास्त महत्त्वाचा. बारीक पिनच्या चार्जरवर आकडा ५ व्होल्टवर स्थिरावला. एसी-३ वर ५ व्होल्ट ३५० मिलिअँपिअर, एसी-४ वर ५ व्होल्ट ८९० मिलिअँपिअर. आत ट्रान्सफॉर्मरच्या ठोकळ्याऐवजी छोटी स्विचिंग सर्किट आली त्यामुळे चार्जर हलका झाला आणि व्होल्टेज जागेवर राहायला लागलं. आणि ५ व्होल्ट म्हणजे तेच जे कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टमधून येतं. म्हणून मग कंपनीने स्वतःच सीए-१०० नावाची वायर काढली, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला दोन मिलिमीटरची पिन. त्या वायरीत डेटा नाही, दोनच तारा, प्लस आणि मायनस. ही वायर लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच येणार आहे.

मध्ये एक घटना झाली तिच्यामुळे आपल्याकडे चार्जरची भीतीच बसली. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने जाहीर केलं की मात्सुशिता या जपानी कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या बीएल-५सी बॅटऱ्या चार्जिंगला असताना गरम होऊ शकतात, अशा ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या जगभरात होत्या. बॅटरीच्या मागचा लांबलचक नंबर तपासायचा आणि त्यात निघाली तर बदलून घ्यायची. फोन फुटतो अशी चर्चा तेव्हा गावोगाव झाली, आणि बऱ्याच लोकांच्या डोक्यात चार्जर आणि बॅटरी यांची सरमिसळ झाली ती आजपर्यंत आहे. दोष होता बॅटरीच्या सेलमध्ये, आतल्या आत शॉर्ट होण्याचा, चार्जरमध्ये नव्हता. पण भरताना गरम होणारी बॅटरी आणि खराब चार्जर ही लक्षणं बाहेरून सारखीच दिसतात, म्हणून तपासताना दोन्ही बघावं लागतं.

मग पिनचाच शेवट सुरू झाला. चीनने २००६ च्या नियमाने चार्जरच्या बाजूला यूएसबीचं तोंड आणायला लावलं, २००९ मध्ये युरोपात नोकियासकट मोठ्या कंपन्यांनी मायक्रो यूएसबीवर यायचं कबूल केलं. तो करार होता मुख्यतः कॉम्प्युटरला जोडता येणाऱ्या फोनसाठी, साधा कीपॅड फोन त्यात येतच नव्हता, म्हणून तर २०१३ चा १०५ सुद्धा बारीक पिनचाच आला. २०१७ मध्ये नोकियाच्या नावाने फोन काढणाऱ्या एचएमडी कंपनीने जो नवा १०५ काढला त्याला मायक्रो यूएसबी आहे. तेव्हा आज कुठल्या दुकानात नोकियाचा "नवा ओरिजिनल" बारीक पिनचा चार्जर दिसला तर तो वर्षानुवर्षं पडलेला जुना माल आहे नाहीतर नक्कल आहे असंच धरून चालायचं. मी तरी ओरिजिनलच्या शोधात फिरणं सोडून दिलंय.

आता आत्याच्या चार्जरचं. आधी लेबल वाचलं, आउटपुट ५ व्होल्ट १ अँपिअर छापलेलं, कंपनीचं नाव नाही, भारतीय मानक ब्युरोच्या म्हणजे बीआयएसच्या नोंदणीचा आर नंबर नाही. मग मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवला. या पिनमध्ये बाहेरचा गोल भाग मायनस आणि आतलं भोक प्लस. भोक अर्ध्या मिलिमीटरचं असल्यामुळे मीटरचं टोक जात नाही, तर एक टाचणी आत घातली, लाल टोक टाचणीला आणि काळं बाहेरच्या धातूला. टाचणी बाहेरच्या कडेला टेकू द्यायची नाही, शॉर्ट होतं. आकडा आला ७.४. पाच लिहिलंय आणि मोकळा असताना साडेसातच्या जवळ, म्हणजे आत व्होल्टेज धरून ठेवणारं काही धड नाहीच. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या चार्जरमध्ये हे चाललं असतं कारण तेव्हाचे फोन त्या हिशोबाने बनले होते, पण ५ व्होल्टच्या चार्जरसोबत विकलेल्या फोनवर हे रोज लावलं तर आतल्या चार्जिंगच्या आयसीवर ताण येणार. फोनने "चार्ज होत नाही" दाखवलं ते नाटक नव्हतं, तो स्वतःला वाचवत होता. चांगला ५ व्होल्टचा चार्जर मोकळा असताना पावणेपाच ते सव्वापाचच्या मध्ये दाखवतो.

त्याहून काळजीची गोष्ट व्होल्टेजची नाहीच. हलक्या चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि फोनची बाजू यांच्यात पुरेसं अंतर ठेवलेलं नसतं. चार्जिंगला लावलेल्या फोनला ओल्या हाताने किंवा अनवाणी हात लावला आणि चांगल्या झिणझिण्या आल्या तर तो चार्जर त्याच क्षणी बोर्डातून काढायचा, आणि काढताना आधी बटण बंद करायचं. आत्या म्हणाली "थोडं झिणझिणतंय पण चालतंय की", ते ऐकूनच मला घाम आला. हे मीटरने घरी तपासता येत नाही, म्हणूनच नोंदणी बघायची.

तर बदली काय. इथे ती सीए-१०० ची कल्पना कामाला येते. यूएसबी ते बारीक पिन अशी वायर मोबाइल अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात आणि ऑनलाइन अजून मिळते, आणि ती लावायला अ‍ॅडॉप्टर म्हणून घरातल्या चांगल्या स्मार्टफोनचा जुना चार्जर घ्यायचा ज्याला साधं चौकोनी यूएसबीचं तोंड आहे. २३० व्होल्टचा धोकादायक भाग जिथे आहे ती वस्तू अशी चांगल्या कंपनीची राहते आणि बारीक पिनसाठी फक्त दोन तारांची वायर बाजारातून येते. आपल्याकडे सक्तीच्या नोंदणीच्या आदेशाखाली अशा अ‍ॅडॉप्टरवर बीआयएसचं चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा आठ आकडी नंबर लागतो, आयएस १३२५२ हे त्यातलं मानक. तो नंबर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनी आणि उत्पादन दिसतं, लेबलशी जुळतं का बघायचं.

लोक विचारतात की अ‍ॅडॉप्टरवर २ अँपिअर लिहिलंय, फोनला तर ३५० मिलिअँपिअर हवं, जळणार नाही का. अँपिअर म्हणजे तो किती देऊ शकतो, फोन त्याला हवा तेवढाच ओढतो. फास्ट चार्जरचंही तसंच, वर ९ किंवा १२ व्होल्ट लिहिलेलं असलं तरी ते व्होल्टेज फोनने डेटाच्या तारांवरून मागितल्यावरच येतं, आपल्या वायरीत त्या तारा जोडलेल्याच नाहीत म्हणून तो ५ वरच राहतो. तरी वायर नवीन आणल्यावर एकदा टाचणीने मोजा, आणि आकडा उणे आला तर वायरीत प्लस-मायनस उलटे जोडलेत, ती फोनला लावायचीच नाही. बटण फिरवून ३ ते १२ व्होल्ट करता येणारे बहुपिन अ‍ॅडॉप्टर मात्र घेऊ नका, पोराने बटण फिरवलं की संपलं.

वायर लावून सुद्धा चार्ज होत नसेल तर पिन हळूच हलवून बघा. हलवल्यावर येतं-जातं असेल तर वायर किंवा फोनचं सॉकेट ढिलं झालंय, सॉकेटच्या मधोमध केसासारखी काडी असते ती सरळ उभी आहे का टॉर्च मारून बघायचं. बॅटरी काढून सपाट टेबलावर ठेवा आणि बोटाने फिरवा, भोवऱ्यासारखी फिरली तर फुगली आहे, मग चार्जर कितीही चांगला असो ती बॅटरी लावायची नाही.

आत्याची बॅटरी फुगली नव्हती. माझ्या जुन्या फोनचा अ‍ॅडॉप्टर, त्याचा आर नंबर अ‍ॅपमध्ये जुळला, त्यावर नवी वायर, टाचणीला ५.१ व्होल्ट. फोन पूर्ण उतरलेला होता, बॅटरी ८०० मिलिअँपिअर-तासाची, सकाळी साडेनऊला लावला आणि पावणेएकला भरला, म्हणजे सव्वातीन तास. अ‍ॅडॉप्टर कोमट होता फक्त. वायर अ‍ॅडॉप्टरपासून सुटू नये म्हणून दोऱ्याने बांधून दिली आणि नव्वद रुपयांचा तो चार्जर वायर कापून ई-कचऱ्यात टाकायला मी सोबत घेऊन आलो.