कुत्रं बघायचे दहा दिवस

कोल्हापुरात कुत्रं चावलं की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘आता पोटात चौदा इंजेक्शनं.’ दुसरं, ‘कुत्रं आपल्याच गल्लीतलं हाय, दहा दिवस बघूया.’ पहिलं केव्हाच कालबाह्य झालंय. दुसरं अर्धं खरं आहे, म्हणून जास्त घातक आहे. आणि ते टिकून राहण्यामागे त्या पोटातल्या इंजेक्शनांचाच मोठा हात आहे.

माणसाला रेबीजची लस पहिल्यांदा 1885 मध्ये पॅरिसमध्ये टोचली गेली. आपल्याकडची पोटात टोचायची ती जुनी लस मात्र 1911 च्या सुमारास कसौलीत तयार झाली. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवायचा, कार्बॉलिक अ‍ॅसिडने मारायचा आणि तो मेंदूच वाटून टोचायचा. तिने जीव वाचवले, पण मेंदूचा अंश शरीरात गेल्यामुळे काहींची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटायची, लकवा व्हायचा. म्हणून डॉक्टर कचरायचे. चावा सौम्य आणि कुत्रं धडधाकट असेल, तर कुत्र्यावर नजर ठेवायची आणि त्याच्यात लक्षणं दिसली तरच टोचायचं, अशी मुभा त्या काळात होती.

दहा हा आकडा हवेतून आलेला नाही. पिसाळणाऱ्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो लक्षणांच्या फार तर काही दिवस आधी, आणि लक्षणं दिसल्यावर कुत्रं थोड्याच दिवसांत मरतं. चावल्यानंतर दहाव्या दिवशी ते ठणठणीत असेल, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. हा हिशेब आजही बरोबर आहे. फक्त तो कुत्र्या-मांजरापुरताच आहे. माकड, मुंगूस, कोल्हा यांना लागू नाही.

2004 च्या अखेरीस देशात मेंदूची लस बंद झाली. तिच्या जागी पेशींवर वाढवलेली, लकव्याची ती भीती नसलेली लस आली. 2006 मध्ये ती कातडीत टोचायला परवानगी मिळाली: दोन्ही दंडांवर 0.1 मिली, पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. लस कमी लागू लागल्याने सरकारी दवाखान्यांना ती परवडू लागली. थांबण्याचं कारण तिथेच संपलं, थांबण्याची सवय मात्र गेली नाही. आता लस त्याच दिवशी सुरू करायची आणि जोडीने कुत्रं बघायचं. दहा दिवसांनी ते ठीक असलं, तर शेवटचा डोस ठेवायचा की नाही हे डॉक्टर ठरवतात. म्हणजे दहा दिवस लस आवरती घेण्यासाठी आहेत, सुरू करण्यासाठी नाहीत.

घाई कशाची, तर विषाणू काही काळ चाव्याच्या जागी स्नायूत राहतो, मग मज्जातंतूत शिरून मेंदूकडे सरकतो. एकदा तंतूत शिरला की लसीने तयार झालेली प्रतिद्रव्यं त्याला सहसा गाठू शकत नाहीत. बहुतेकांना एक ते तीन महिन्यांत लक्षणं दिसतात. चेहऱ्यावर चावा असेल तर वाट जवळची, वेळ कमी. आणि लसीचा परिणाम दिसायलाच आठवडा-दीड आठवडा जातो. लक्षणं सुरू झाल्यावर हाती काहीच उरत नाही.

समजा, करवीर तालुक्यातल्या ऊसतोडीच्या फडात 15 किलो वजनाच्या पोराच्या गालाला कुत्रं चावलं आणि पळून गेलं. आधी साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. विषाणूभोवती चरबीचं वेष्टण असतं, साबणाने ते फुटतं. वरून हळद, चटणी, चुना काही नको. घाईने टाके नकोत. मग पहिला डोस, आणि जखमेतच सीरम, म्हणजे तयार प्रतिद्रव्यं. घोड्याचं सीरम किलोला 40 युनिट, म्हणजे 600. एका मिलीत 300 असतात, म्हणून 2 मिली. लस काम करू लागेपर्यंतची पोकळी हे सीरम भरून काढतं, म्हणून ते दंडात देऊन उपयोग नाही, जखमेच्या आत आणि कडेने भरावं लागतं. नेमकी हीच पायरी गळते. गावच्या केंद्रात सीरम नसतं, शहरात पाठवतात आणि घरचे ‘लस झाली की’ म्हणून परततात. पहिल्या डोसानंतर सातव्या दिवसापर्यंत सीरम देता येतं.

पिसाळणं दर वेळी अंगावर धावून येण्याचंच असतं असं नाही. आवाज घोगरा होतो, कुत्रं लाकूड-माती चावतं, कोपऱ्यात दडतं. मुक्या प्रकारात खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते आणि मालकाला वाटतं घशात हाडूक अडकलंय. म्हशीचंही तसंच होतं. चारा अडकला म्हणून गडी तोंडात हात घालतो. धारोष्ण दुधाच्या गावात लोकांचा पहिला प्रश्न दुधाचा असतो. उकळलेल्या दुधातून हा आजार होत नाही; कच्चं मात्र अशा जनावराचं पिऊ नये. लस लागते ती हात घालणाऱ्या गड्याला, त्याच दिवशी, कारण म्हशीला दहा दिवसांचा हिशेब नाही.