भीती विसरलेला उंदीर खरंच विसरतो का?

पेटीतल्या उंदराला अर्धा मिनिट एकसुरी आवाज ऐकवतात आणि तो संपता संपता पायाखालच्या सळ्यांमधून विजेचा हलका झटका देतात. असं चार-पाच वेळा झालं की दुसऱ्या दिवशी नुसत्या आवाजानेच उंदीर जागच्या जागी थिजतो. श्वासोच्छ्वास वगळता अंगाची हालचाल नाही. त्या अर्ध्या मिनिटातले किती सेकंद तो असा थिजला, हेच त्याच्या भीतीचं माप.

आवाजाची वर्दी आणि झटक्याची वर्दी, दोन्ही मेंदूतलं भीतीचं केंद्र असलेल्या अमिग्डालाच्या पार्श्व भागात पोचतात. एकाच पेशीवर त्या एकदम येऊन पडल्या, की आवाज आणणारे सायनॅप्स, म्हणजे पेशींमधले जोड, बळकट होतात. पुढे तो आवाज एकटाच आला तरी पेशी पेटते. तिचा संदेश अमिग्डालाच्या मध्यवर्ती भागात जातो आणि तिथून शरीराला थिजण्याचा हुकूम सुटतो.

आता उंदराला दुसऱ्या पेटीत ठेवू. वास वेगळा, तळ गुळगुळीत. तोच आवाज पुन्हा पुन्हा वाजवायचा, पण झटका द्यायचा नाही. थिजणं कमी होत होत जवळजवळ थांबतं. याला ‘विलोपन’ म्हणतात, आणि माझ्या मते हा शब्दच दिशाभूल करतो. कारण उंदराला पहिल्या पेटीत परत नेऊन आवाज ऐकवला, की तो पुन्हा थिजतो. मधल्या काळात एकही नवा झटका बसलेला नसतो. आठवण पुसली गेली असती, तर ही भीती आली कुठून? जागा न बदलता नुसते काही आठवडे जाऊ दिले, तरी ती डोकं वर काढते.

विलोपनात उंदीर दुसरी गोष्ट शिकतो: ‘इथे हा आवाज निरुपद्रवी आहे.’ हा धडा आठवण्याच्या वेळी कपाळामागच्या मेंदूतला इन्फ्रालिंबिक नावाचा पट्टा जागा होतो आणि अमिग्डालातल्या रोधक पेशींकरवी मध्यवर्ती भागाला लगाम घालतो. २००२ मध्ये मिलाद आणि क्वर्क या मेंदूसंशोधकांनी विलोपन न झालेल्या उंदरांना आवाज ऐकवताना या पट्ट्याला विद्युत उत्तेजन दिलं, तर त्यांचं थिजणं कमी झालं. ‘इथे’ म्हणजे कुठे, हे मेंदूचा जागा ओळखणारा भाग, हिप्पोकॅम्पस, सांगतो. पेटी ओळखीची धोक्याची निघाली की लगाम सैल पडतो.

एक अपवाद मात्र चक्रावणारा आहे. अडीच आठवड्यांपेक्षा लहान पिल्लांमध्ये विलोपनानंतर भीती परत येत नाही. पुढच्या आठवड्याभरात अमिग्डालाच्या काही पेशींभोवती प्रथिनं आणि शर्करांची जाळी विणली जाते आणि ही सोय संपते. २००९ मध्ये प्रौढ उंदरांमधली ती जाळी विकर सोडून विरघळवली, तेव्हा त्यानंतर शिकवलेली भीती विलोपनाने कायमची गेली. पण भीती आधी शिकवून मग जाळी विरघळवली, तर उपयोग झाला नाही.