दूरचित्रवाणी संचाचे आपोआप बंद होणे
चालू टीव्ही कोणी हात न लावता ठरावीक वेळी स्टँडबायमध्ये जाणे. यामागे बहुतेक वेळा बिघाड नसतो, संचातलेच एखादे सेटिंग असते.

अशी सेटिंग्ज मुख्यतः दोन: ठरवलेल्या मिनिटांनी संच बंद करणारा स्लीप टायमर आणि बराच वेळ कोणी कळ दाबली नाही तर संच बंद करणारे ऑटो पॉवर ऑफ. या सोयींचे मूळ एकच मानण्याची पद्धत आहे, पण ते पटत नाही. पाहता पाहता झोप लागली तर संच रात्रभर चालू राहू नये, यासाठी स्लीप टायमर आला. तो टीव्हीपेक्षा घड्याळ-रेडिओतून आला असावा. ऑटो पॉवर ऑफचा प्रसार मात्र वीजबचतीच्या नियमांनी झाला. युरोपीय संघाच्या 2009 च्या नियमाने, शेवटची कळ दाबल्यापासून जास्तीत जास्त 4 तासांत संच आपोआप बंद व्हावा, त्याआधी पडद्यावर सूचना यावी आणि ही सोय मुळातच चालू असावी, असे ठरवले. पुढच्या 2019 च्या नियमातही 4 तासांची मर्यादा कायम राहिली.

‘ठरलेली वेळ’ घड्याळाची आहे की मधल्या अंतराची, हे आधी पाहावे. समजा, टीव्ही रोज सायंकाळी 7 ला लावला जातो आणि रात्री 11 ला बंद पडतो. एक दिवस तो साडेसातला लावावा आणि टीव्हीच्या रिमोटला हात लावू नये. 11 लाच बंद झाला, तर Off Timer लागलेला आहे. साडेअकराला झाला, तर 4 तासांचे Auto Power Off. काही संचांत ते Eco किंवा Power Saving या मेन्यूत सापडते, काहींत त्याचे नाव Idle TV Standby असते. Sleep Timer साधारणपणे त्या बैठकीपुरताच चालतो, त्यामुळे रोज घडणाऱ्या प्रकारात त्याच्यावर संशय कमी.

‘आम्ही तर सारखे चॅनेल बदलत होतो’ ही तक्रार खरीच असते. पण ते बदल सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटने झालेले असतात. त्या रिमोटचा संकेत बॉक्सला कळतो. टीव्हीच्या लेखी चार तासांत कोणी काहीच केलेले नसते. टीव्हीच्या रिमोटवर आवाजाची कळ एकदा दाबली की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. याच कळीने निदान पक्के करता येते: वरच्या उदाहरणात 9 ला ती दाबल्यावर संच रात्री 1 पर्यंत चालला, तर कारण सापडले.

सगळी सेटिंग्ज बंद असूनही प्रकार थांबला नाही, तर बॉक्सकडे वळावे. एचडीएमआय-सीईसी, म्हणजे एचडीएमआय केबलने जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना आज्ञा देण्याची सोय, चालू असेल, तर बॉक्स झोपताना टीव्हीलाही स्टँडबायची आज्ञा देऊ शकतो. बॉक्सची झोपेची वेळ वाढवावी किंवा टीव्हीतले सीईसी बंद करावे.

पडद्यावर सूचना न येता, कधी वीस मिनिटांनी तर कधी दोन तासांनी संच बंद पडत असेल आणि स्टँडबायचा दिवाही विझत किंवा लुकलुकत असेल, तर मेन्यूत शोधत बसू नये. तेव्हा वीजपुरवठ्याची जोडणी आणि संचातला पॉवर बोर्ड तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावा.