पॅकमधले ‘पुरेसे अंतर’: एका कलमाची पार्श्वभूमी

मे 2017 मध्ये नागपुरात 200 विजेच्या गाड्यांचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा बोलणे होते ते चार्जिंगचे. बॅटरी पॅक म्हणजे एकत्र जोडलेले अनेक सेल; त्यांतला एक सेल बिघडून तापला तर शेजारच्याचे काय, हा प्रश्न विमानांत मात्र 2013 मध्येच येऊन गेला होता. तिथे आठ सेलच्या बॅटरीत एकाचा बिघाड बाकीच्यांपर्यंत पोहोचला. मग सेलमध्ये अडसर घातले गेले आणि अख्खी बॅटरी पोलादी पेटीत गेली.

आपल्याकडे 2022 च्या उन्हाळ्यात स्कूटर पेटल्या आणि त्याच वर्षी AIS-156 या विजेच्या दुचाकी-तिचाकींच्या बॅटरी-सुरक्षेच्या भारतीय मानकाची तिसरी दुरुस्ती आली. ती 1 डिसेंबर 2022 आणि 31 मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाली. सेलमध्ये ‘पुरेसे’ अंतर हवे, असे ती म्हणते, पण किती मिलिमीटर ते सांगत नाही. वाद आहे तो इथेच. आकडा न देणे मला बरोबर वाटते, कारण गरज सेलनुसार बदलते. पण मग प्रत्येक पॅकचा हिशेब मांडायलाच हवा, आणि तो पुष्कळदा मांडला जात नाही.

18650 हा 18 मिलिमीटर व्यासाचा, 65 मिलिमीटर लांबीचा नळकांडी सेल घ्या. वजन साधारण 45 ग्रॅम, म्हणजे तो एक अंश तापवायला सुमारे 40 ज्यूल लागतात. 150 अंशांच्या पुढे त्याच्या आतल्या क्रिया आवरेनाशा होतात असे धरू. हिवाळ्यात 15 अंशांवरून तिथवर जायला 5.4 किलोज्यूल लागतील, नागपूरच्या मेमधल्या 45 अंशांवरून फक्त 4.2. बिघडलेला सेल 30 किलोज्यूलपेक्षा जास्त उष्णता सोडू शकतो. म्हणजे तिचा सातवा हिस्सा एकाच शेजाऱ्याकडे गेला तरी पुरे.

दोन-तीन मिलिमीटरची मोकळी फट उष्णतेचा वेग कमी करते. मात्र सेलची बाजू फाटली, तर तापलेल्या वायूचा झोत सरळ त्या फटीतून शेजाऱ्यावर जातो. सेल जागेवर धरणारा प्लॅस्टिकचा होल्डर वितळला की फटच उरत नाही. म्हणून फटीत अभ्रकाचा पत्रा, एरोजेल हा उष्णता अडवणारा हलका पदार्थ किंवा तापल्यावर फुगणारा थर घालतात आणि वायूला बाहेर पडायला वेगळी वाट ठेवतात.

अडसर चोख असला तरी सेल एकमेकांना जोडणारी निकेल पट्टी उरतेच. समांतर जोडलेले सेल तिच्यातूनच शॉर्ट झालेल्या सेलमध्ये प्रवाह ओततात. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक सेलला वेगळी फ्यूज तार.

चाचणीत मुद्दाम एक सेल हीटरने बिघडवतात. बिघाड एका सेलवरून दुसऱ्यावर जाणे म्हणजे प्रसार; पॅकबाहेर ज्वाळा दिसली नाही की ‘प्रसार थांबला’ असे सर्रास म्हटले जाते. पण शेजारचा सेलही गेला आणि पेटीने आग आत ठेवली, तर थांबली ती आग, प्रसार नव्हे. फरक कळायला शेजारच्या सेलवर लावलेल्या थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेची, नोंद पाहावी: तापमान चढून हळूहळू उतरले, की काही सेकंदांत शेकडो अंश उसळले?