अक्षांश-रेखांशावरून देशनिश्चिती

दिलेला बिंदू कोणत्या देशात पडतो, हे सीमांच्या साठवलेल्या डेटावरून ठरवण्याची रीत. प्रत्येक देशाची हद्द बहुभुज म्हणून ठेवतात. बिंदूपासून एका दिशेला रेषा काढून ती हद्दीला किती वेळा छेदते ते मोजतात. छेद विषम तर बिंदू आत, सम तर बाहेर. या रीतीचे मूळ काही जण गणितज्ञ जॉर्डन यांच्या 1887 च्या प्रमेयात पाहतात. मात्र बंद वक्राला आत आणि बाहेर असते, एवढेच ते प्रमेय सांगते. बिंदू आत की बाहेर ते ओळखायची पहिली छापील आज्ञावली बहुधा एम. शिमरात यांची, 1962 मधली, आणि आरंभ तिथूनच धरणे अधिक सयुक्तिक. रेषा नेमकी शिरोबिंदूतून गेली तर एकच छेद दोनदा मोजला जाण्याचा धोका असतो; म्हणून प्रत्येक कडेचे एकच टोक, समजा खालचे, हिशेबात घेतात.

खरी अडचण गणितात नसून डेटात येते. ठाणे खाडीवरच्या वाशी पुलाजवळचा बिंदू घ्या: अक्षांश 19.06, रेखांश 72.97. ‘नॅचरल अर्थ’ या मोफत नकाशा-डेटासंचाच्या 1:11 कोटी प्रमाणाच्या ढोबळ नकाशात खाडीच नाही, त्यामुळे उत्तर सरळ ‘भारत’ येते. किनारा काटेकोर आखलेल्या डेटात खाडी जमिनीतून वजा होते आणि पुलावरची गाडी कोणत्याच देशात सापडत नाही. दोन्ही आकडे उलट दिले, तर हाच बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाच्या दक्षिणेकडील समुद्रात जातो. जिओजेसन या नकाशा-डेटाच्या फाइल-प्रकारात रेखांश आधी लिहितात, म्हणून ही चूक नेहमीची.

जमिनीवर उत्तर न मिळाल्यास सागरी थर तपासतात. सागरी हद्द जिथून मोजतात त्या किनाऱ्यालगतच्या आधाररेषेच्या आतले पाणी अंतर्गत जल. खाडी त्यातच मोडते, म्हणजे ती पूर्णतः भारताची. आधाररेषेपासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंत प्रादेशिक समुद्र. त्यापुढे 200 सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात साधनसंपत्तीवर हक्क असतात, सार्वभौमत्व नसते. किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवरच्या मुंबई हायसाठी म्हणूनच ‘भारत’ न लिहिता ‘भारताचे अनन्य आर्थिक क्षेत्र’ असे लिहिणे योग्य.

वादग्रस्त सीमांवर डेटा तयार करणाऱ्याची भूमिकाच उत्तर ठरवते. नॅचरल अर्थची मूळ फाइल प्रत्यक्ष ताबा पाहते: अक्साई चीन तीत चीनकडे दिसतो, सियाचिन वेगळा तुकडा म्हणून येतो. भारताच्या दृष्टिकोनाची फाइल निराळी आहे, `ne_10m_admin_0_countries_ind`. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांशी विसंगत सीमा छापणे 1961 च्या कायद्यान्वये दंडनीय असल्याने इथल्या कामासाठी तीच घ्यावी लागते. कच्छ आणि सिंध यांच्यामधल्या सर क्रीक या खाडीत भारत प्रवाहाचा मध्य मानतो, पाकिस्तान पूर्वेचा काठ. सागरी सीमेची रेघ तिथूनच निघते, त्यामुळे हा खाडीतला फरक समुद्रात वाढत जातो. अशा पट्ट्यासाठी एकच देशनाम न साठवता दोन्ही दावेदार साठवतात.