ताप गेला, खोकला राहिला: तीन आठवड्यांच्या ठसक्यामागे काय असतं?

पावसाळा सरता सरता घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो. ताप चार दिवसांत गेला, पण खोकला महिना झाला तरी हटत नाही आणि आवाज बसलाय तो बसलाच आहे, हा कुठला नवीन व्हायरस आलाय? त्याखाली तीन गोळ्यांच्या अँटिबायोटिक कोर्सचं नाव येतं. मग कुणीतरी काढ्याची कृती टाकतं आणि ‘कफ छातीत सुकलाय’ असं निदानही होऊन जातं.

यातल्या बहुतेकांना नवीन काहीच झालेलं नसतं. अशा आजारानंतर खोकला किती दिवस राहील, हा आपला अंदाजच मुळात चुकलेला असतो. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना हेच विचारलं होतं. त्यांचं उत्तर आलं ७ ते ९ दिवस. आधीच्या संशोधनांतून काढलेली सरासरी मात्र १८ दिवसांच्या आसपास होती. सरासरी १८ म्हणजे बऱ्याच जणांचा खोकला त्याहून लांबतो. म्हणून डॉक्टर तीन आठवड्यांपर्यंतच्या खोकल्याला अल्पकालीन म्हणतात, आठ आठवड्यांच्या पुढच्याला जुनाट, आणि मधल्या पाच आठवड्यांच्या पट्ट्यात व्हायरसनंतर रेंगाळलेला खोकला सगळ्यात जास्त आढळतो.

पण व्हायरस गेलेला असताना खोकला येतो कशामुळे?

माझा मेहुणा तुर्भ्याला एपीएमसीच्या मसाला मार्केटमध्ये एका गाळ्यावर हिशेब बघतो. गेल्या वर्षी त्याला असाच ताप आला होता. चौथ्या दिवशी ताप उतरला, त्याच दिवशी आवाज पार गेला. दुसऱ्या आठवड्यात बेडका कमी झाला, अंगात ताकद आली, म्हणून तो कामावर गेला. समोर हमालाने गुंटूर मिरचीच्या गोणीचं तोंड उसवलं आणि याला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं, पोटाचे स्नायू दुखायला लागले. इतकी वर्षं त्याच धुरळ्यात बसणारा माणूस! शेजारच्या गाळ्यावरच्यांना साधी शिंकही आली नव्हती.

मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन नावाच्या रेणूतून येतो. घशापासून फुफ्फुसांतल्या नळ्यांपर्यंत व्हेगस नावाच्या मोठ्या नसेची बारीक टोकं पसरलेली असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच टोकांवर टीआरपीव्ही-१ हे प्रथिन बसलेलं असतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये ते शोधून काढलं, आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्या शोधाचा वाटा होता. हे प्रथिन म्हणजे एक दार आहे. कॅप्सेसिन चिकटलं, आम्ल लागलं किंवा तापमान साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर गेलं की ते उघडतं, आत विद्युतभारित कण शिरतात आणि नस मेंदूच्या तळाकडे संदेश पाठवते. तिथून खोकल्याचा हुकूम सुटतो. मिरची जिभेला ‘गरम’ लागते ती याच दारामुळे.

मला यात सगळ्यात भारी वाटते ती पुढची गोष्ट. ४३ हा आकडा पक्का नाही. सूज आली की पेशींतून ब्रॅडिकायनिन, प्रोस्टाग्लँडिन असे पदार्थ सुटतात. ते या प्रथिनात रासायनिक फेरफार करतात आणि दार उघडण्याचा उंबरठा खाली येतो. शिवाय व्हायरसने श्वासनलिकेच्या अस्तरातल्या केसाळ पेशी खरवडून टाकलेल्या असतात. एरवी या पेशींवरचे सूक्ष्म केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून चिकट थर आणि त्यात अडकलेली धूळ वर घशाकडे ढकलत राहतात. पेशी गळल्या की धूळ जागीच राहते आणि त्याखालची नसांची टोकं उघडी पडतात. नवीन पेशी यायला आणि त्यांच्यावर नीट हलणारे केस उगवायला काही आठवडे लागतात. तोवर अवस्था सोसायटीच्या पार्किंगमधल्या त्या गाडीसारखी, जिचा अलार्म मांजर बाजूने गेलं तरी वाजतो. चोर कधीच निघून गेलेला असतो.

हे नुसतं तर्काने सांगितलेलं नाही, प्रयोगशाळेत मोजता येतं. माणसाला कॅप्सेसिनचा अगदी विरळ फवारा हुंगायला देतात, मग दर वेळी त्याचं प्रमाण दुप्पट करत जातात, आणि पाच वेळा खोकला कितव्या फवाऱ्याला आला ते नोंदवतात. सर्दी-खोकला झालेल्यांना एरवीपेक्षा बऱ्याच कमी कॅप्सेसिनला खोकला येतो, आणि बरं झाल्यावर आकडा पुन्हा जागेवर जातो. मेहुण्याने हीच परीक्षा फी न भरता गाळ्यावर बसून दिली.

मग टीआरपीव्ही-१ बंद करणारं औषध दिलं की खोकला थांबला पाहिजे. तसं करूनही पाहिलं गेलं. जुनाट खोकल्याच्या रुग्णांवर अशी औषधं तपासली तेव्हा कॅप्सेसिनने येणारा खोकला कमी झाला, पण दिवसभराचा त्यांचा नेहमीचा खोकला काही हलला नाही. म्हणजे दारं एकाहून जास्त आहेत. दुखावलेल्या पेशींतून एटीपी नावाचं रसायन गळतं आणि ते नसेवरचं पी-टू-एक्स-थ्री हे वेगळं दार उघडतं. त्याला अडवणारं गेफापिक्संट हे औषध जपानमध्ये २०२२ साली मंजूर झालं, पण ते तोंडाची चव बिघडवतं आणि आहे जुनाट खोकल्यासाठी. महिन्याभरात आपोआप जाणाऱ्या खोकल्यासाठी तो उपद्व्याप कशाला! त्याखेरीज, सारखे संदेश येत राहिल्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेलं केंद्रही हळवं होऊन बसतं. मग हसलं, फोनवर जरा लांब बोललं, एसी लोकलमधून उकाड्यात उतरलं, देवघरात उदबत्ती लावली, एवढ्यावरही उबळ येते. छातीत सुकलेला कफ यात कुठेच नाही. मारायला जंतूही नाही, त्यामुळे अँटिबायोटिकला इथे काम नाही.

काढ्याबद्दलही थोडं बोलायला हवं, नाहीतर ग्रुपवरचे लोक रागावतील. गरम घोटाने घशाला बरं वाटतं, ते खरं. मध एक वर्षाखालच्या बाळाला द्यायचा नाही, बाकीच्यांना त्याने रात्रीचा खोकला थोडा हलका होऊ शकतो. पण मिरी आणि सुंठ यांचे तिखट रेणू टीआरपीव्ही-१ हेच दार उघडतात. तेव्हा झणझणीत काढा पिऊन ठसका लागला, तर ‘कफ सुटायला लागला’ म्हणून खूश होऊ नये. आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर लहान मुलाला वाफेसाठी बसवणं बंदच करावं, त्यात मुलं भाजतात.

आता आवाज. खोकताना आपण आधी हवा आत घेतो, मग स्वरयंत्रातल्या दोन्ही पट्ट्या घट्ट मिटतात, मागे दाब साठतो आणि पट्ट्या एकदम उघडून हवा फुटते. म्हणजे प्रत्येक खोकल्याला पट्ट्या एकमेकींवर आपटतात, आणि उबळीत तर लागोपाठ. बोलताना याच पट्ट्यांचा मऊ पृष्ठभाग पुरुषांत सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा, बायकांत दोनशेच्या आसपास वेळा लहरतो. तो सुजला की जड होतो, म्हणून आवाज खाली उतरतो. दोन्ही बाजू सारख्या सुजत नाहीत, म्हणून तो फाटतो, मध्येच गायब होतो. खोकल्याने सूज टिकते, आणि सुजेमुळे घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटून माणूस पुन्हा खाकरतो. मेहुणा दर दोन मिनिटांनी खाकरत होता. त्याला डॉक्टरांनी सांगितलं, खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घे, नाहीतर नुसतं गिळ, आणि काही क्षण नाकाने सावकाश श्वास घे. आवाज बसल्यावर कुजबुजत बोलावं हा समजही तपासून घ्यावा. कुजबुजताना बरेच जण गळा आवळतात, त्याने ताण वाढतो. हळू पण साध्या आवाजात, कमी बोलणं चांगलं.

त्याची सुधारणा सरळ रेषेत झाली नाही. तिसऱ्या आठवड्यात सकाळी आवाज बरा असायचा, दिवसभर फोनवर भाव सांगून संध्याकाळी पुन्हा खरखर. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस आवाज परत आला. खोकला सहाव्या आठवड्यापर्यंत होता, पण उबळी विरळ होत गेल्या, झोप मोडायची थांबली. बरं होण्याचं खरं लक्षण हेच. एखादा दिवस वाईट गेला तरी चालतं, पण हा आठवडा मागच्या आठवड्यापेक्षा हलका असायला हवा.

इथे आपल्याकडे एक पेच आहे. व्हायरसनंतरचा खोकला सहा आठवडे टिकू शकतो, आणि सरकारी क्षयरोग कार्यक्रम म्हणतो की दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर तपासून घ्या. दोन्ही बरोबर आहे. ज्या देशात टीबी इतका आहे तिथे ‘व्हायरलनंतरचा असेल’ म्हणून थांबण्यात धोका आहे, आणि सरकारी केंद्रात बेडक्याची तपासणी फुकट होते. सीबीनॅट यंत्र बेडक्यात टीबीच्या जंतूचा डीएनए शोधतं आणि यंत्रात नमुना घातल्यापासून साधारण दोन तासांत निकाल देतं. कोरड्या खोकल्यात बेडकाच पडत नसेल तर छातीचा एक्स-रे काढतात. मेहुण्याने महापालिकेच्या आरोग्य केंद्रात दोन्ही करून घेतलं, काही निघालं नाही. तपासायला सांगितलं म्हणजे टीबी झाला, असा अर्थ लावून शेजाऱ्यांपासून लपवत बसू नये. संध्याकाळी येणारी कणकण, रात्रीचा घाम, उतरणारं वजन यांपैकी काही असेल तर दोन आठवडेही थांबायचं नाही. बेडक्यात रक्त, धाप, छातीतून शिट्टीसारखा आवाज किंवा उतरलेला ताप परत चढणं, यांसाठी त्याच दिवशी डॉक्टर.

रक्तदाबाच्या गोळीकडेही एकदा बघा. रॅमिप्रिल, एनालाप्रिल अशा ‘-प्रिल’ने संपणाऱ्या औषधांनी काही जणांना कोरडा खोकला येतो, आणि मधे एखादा ताप येऊन गेला की सगळं खापर व्हायरसवर फुटतं. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टर पर्याय देतात.

बसलेला आवाज चार आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र पाहून घ्यावं. नाकातून बारीक कॅमेरा घालतात, काही मिनिटांचं काम असतं. तंबाखू, मिश्री, गुटखा किंवा बिडी-सिगारेट असेल तर चार आठवडेही वाट बघू नये. आवाज बसण्याऐवजी फुसफुसा, हवा गळल्यासारखा झाला असेल आणि पाणी पिताना ठसका लागत असेल, तर एका बाजूची पट्टी हलेनाशी झालेली असू शकते. क्वचित व्हायरस व्हेगसच्याच फांदीला इजा करतो, तेव्हा असं होतं. कॅमेऱ्यात ते लगेच दिसतं: ‘ई’ म्हणायला सांगितलं की एक पट्टी मधोमध येते आणि दुसरी जागची हलत नाही.