हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय : रिपोर्टमधला आकडा कसा वाचावा

(आमच्या एक्स-रे सेंटरमध्ये मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांसाठी, सोलापूर)

मुलाची उंची वाढत नाही, किंवा मुलीत वयात येण्याची लक्षणं लवकर दिसायला लागली, म्हणून डॉक्टर चिठ्ठीवर ‘बोन एज’, म्हणजे हाडांचं वय, लिहून देतात. आमच्याकडून रिपोर्ट जातो आणि त्यात एक आकडा असतो, उदाहरणार्थ ‘९ वर्षं ६ महिने’. काउंटरवर सगळ्यात जास्त प्रश्न याच आकड्यावर येतात. तो कुठून येतो आणि किती इकडेतिकडे होऊ शकतो, ते इथे लिहिलं आहे.

एक्स-रे डाव्या हाताचा, पंजा आणि मनगट मिळून एकच काढतात. तळवा खाली, बोटं सरळ आणि थोडी फाकलेली, मनगटाच्या वरचा हाताचा थोडा भाग फिल्ममध्ये आलेला. बांगडी, घड्याळ, मनगटाचा दोरा काढून ठेवा. बोट वाकलं तर हाडाची टोकं एकमेकांवर चढतात आणि उघडी असलेली फट मिटल्यासारखी दिसते. त्यामुळे मूल हललं तर आम्ही तो शॉट पुन्हा घेतो. पंजाच्या एक्स-रेत किरणांची मात्रा फार कमी असते. निसर्गातून आपल्या अंगावर काही तासांत जेवढी किरणं येतात, साधारण तेवढीच.

लहान मुलाच्या बोटाचं हाड एकसंध नसतं. मधला दांडा वेगळा आणि टोकाचा छोटा तुकडा वेगळा. मध्ये कूर्चा असते, ती एक्स-रेत काळी फट म्हणून दिसते. वय वाढतं तसा हा तुकडा रुंद होतो, मग दांड्याइतका होतो, वयात येताना त्याच्या कडा बाटलीच्या बुचासारख्या दांड्यावर उतरतात आणि शेवटी फट मिटते. बोटांच्या टोकाची हाडं आधी जुळतात, मनगटाजवळचं रेडियस सगळ्यात शेवटी. मनगटातली छोटी हाडंही एकेक करून दिसू लागतात. पहिली दोन जन्मानंतर काही महिन्यांतच येतात, पिसिफॉर्म नावाचं वाटाण्याएवढं हाड मात्र बरंच उशिरा. मुलग्यांमध्ये ते साधारण दहा-अकराच्या पुढे दिसतं.

हे सगळं आम्ही ग्रॉयलिक आणि पाइल यांच्या चित्रसंग्रहाशी ताडून पाहतो. त्याची १९५९ची आवृत्ती आजही जगभर वापरात आहे. मुलांची आणि मुलींची चित्रं वेगळी असतात, कारण मुलींची हाडं लवकर पिकतात. फॉर्मवर मुलगा की मुलगी हे चुकलं तर रिपोर्ट वर्ष-दोन वर्षांनी चुकतो. ही चित्रं अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरातल्या, बऱ्यापैकी सुखवस्तू घरांतल्या मुलांची आहेत आणि फिल्म १९३० ते १९४०च्या आसपासच्या. मोहोळ-बार्शीकडचं मूल त्यांच्याशी अगदी जुळेलच असं नाही, आणि डॉक्टर हे लक्षात ठेवूनच आकडा वाचतात.

आता एक उदाहरण. मुलगा ११ वर्षं ४ महिन्यांचा, वर्गात सगळ्यात बुटका. त्याच्या फिल्ममध्ये पिसिफॉर्म नाही. अंगठ्याच्या बुडाशी वयात येताना दिसणारं बारीक हाडही नाही. बहुतेक बोटांत टोकाचा तुकडा दांड्याइतका रुंद झालाय, पण कडा अजून खाली उतरलेल्या नाहीत. ९ वर्षांच्या चित्रापेक्षा हा हात थोडा पुढे, १०च्या चित्रापेक्षा थोडा मागे. मुलांच्या संग्रहात ९ आणि १० यांच्यामध्ये चित्रच नाही. म्हणून ‘९ वर्षं ६ महिने’ लिहिलं, याचा अर्थ दोन्हींच्या मध्ये. त्यातल्या ‘६ महिने’ला मोजपट्टीवरच्या रेघेचा मान देऊ नका.

वय १३६ महिने आणि हाडांचं वय ११४, म्हणजे हाडं २२ महिने मागे. ऐकून घाबरायला होतं. पण या वयाच्या निरोगी मुलांतही हाडांचं वय सारखं नसतं. सरासरीच्या मागेपुढे मुलं साधारण किती पसरलेली असतात, ते सांगणारा आकडा म्हणजे प्रमाण विचलन. ते इथे साधारण १० ते १२ महिने आहे, आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे वीस ते चोवीस महिने मागे किंवा पुढे, इतका फरक सहसा नैसर्गिक मर्यादेत धरतात. हा मुलगा त्या कडेवर आहे. त्याला आजार आहे असं या फिल्मवरून म्हणता येत नाही, आणि नाही असंही म्हणता येत नाही. गेल्या वर्षभरात तो किती सेंटिमीटर वाढला, वडील किंवा मामा उशिरा वयात आले होते का, थायरॉइडची तपासणी काय सांगते, हे डॉक्टरांनी एकत्र पाहायचं असतं.

हा झाला मुलामुलांतला फरक. वाचणाऱ्याचा फरक त्याहून वेगळा, आणि खरा गोंधळ तिथे होतो. याच मुलाचा सहा महिन्यांनी दुसरीकडे एक्स-रे झाला आणि रिपोर्ट आला ‘१० वर्षं ६ महिने’. घरच्यांचा हिशोब असा, की सहा महिन्यांत हाडं वर्षभर पळाली, म्हणजे फट लवकर मिटणार आणि उंची खुंटणार. दोन्ही फिल्म शेजारी लावून एकाच डॉक्टरांनी, वय झाकून, पुन्हा वाचल्या. पहिली नऊ-दहाच्या मध्ये, दुसरी दहा. हाडं आपल्या गतीनेच चालली होती, पळाला तो आकडा.

असं का होतं? एकाच हातात सगळी हाडं एका वयाची नसतात. मनगट आठचं वाटतं आणि बोटं दहाची. कोणी मनगटाला जास्त मान देतं, कोणी बोटांना. या वयात बोटांना द्यावा असं आमचं मत आहे. करंगळीचं मधलं हाड काही घरांत जन्मतःच आखूड असतं, त्यावर तर अजिबात विसंबू नये. दोन अनुभवी डॉक्टरांत सहा महिने ते वर्षाचा फरक पडणं नवल नाही, आणि तेच डॉक्टर महिन्याभराने तीच फिल्म वाचतील तरी काही महिन्यांचा फरक पडू शकतो. वाचायच्या आधी मुलाचं वय कळलं असेल तर नजर त्याच्याकडे ओढली जाते, म्हणून आमच्याकडे आधी फिल्म वाचतात आणि जन्मतारीख नंतर पाहतात.

सहा महिन्यांच्या आत पुन्हा एक्स-रे काढून फारसं काही कळत नाही. वाचण्यातला फरक खऱ्या वाढीपेक्षा मोठा ठरतो. पुन्हा काढायला याल तेव्हा जुनी फिल्म किंवा सीडी आणा, नुसता रिपोर्ट नको. हाडांच्या वयावरून पुढची उंची सांगतात तिथेही हाच फरक शिरतो. हाडांच्या वयात वर्षाची चूक झाली तर अंदाज तीन-चार सेंटिमीटरने सरकू शकतो.

जन्मतारीख खरी सांगा. शाळेत घालताना लिहिलेली १ जून असेल तर तसं सांगा आणि खरी वेगळी लिहा, कारण तुलना त्या तारखेशीच होते. डाव्या हाताला पूर्वी फ्रॅक्चर झालं असेल तर तेही. मग उजवा हात घेऊन रिपोर्टमध्ये तसं नमूद करतो.

खेळाच्या स्पर्धेसाठी किंवा कागदपत्रांसाठी ‘मुलाचं खरं वय काढून द्या’ म्हणून काही जण येतात. या फिल्मवरून जन्मतारीख निघत नाही. न्यायालयंही अशा तपासणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांपर्यंतचा फरक गृहीत धरत आली आहेत. आम्ही हाडांचं वय आणि त्यातला फरक लिहून देतो, वयाचा दाखला देत नाही.

आमच्या रिपोर्टवर तुलनेची पद्धत, त्या वयाचं प्रमाण विचलन आणि जुनी फिल्म पाहिली की नाही, या तीन गोष्टी छापलेल्या असतात. यांतली एखादी दिसली नाही तर काउंटरवर रिपोर्ट परत द्या, भरून मिळेल.